छत्तीस अंशांचा कोनाडा: पडलेल्या मुकर्नसची पुनर्रचना

हे प्रकरण इराणच्या मध्य भागातलं आहे, काशान ते यझ्द या कोरड्या पट्ट्यातलं. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. भूमितीशी संबंध नसलेले तपशील गाळले आहेत. मोजमाप आणि रेखांकन माझ्याकडे होतं. चर्चेत एक अनुभवी उस्ताद, एक संवर्धन अभियंता आणि पैसे उभे करणारी स्थानिक समिती होती.

पार्श्वभूमी

या भागात पावसाचं किंवा कनातीचं, म्हणजे भूमिगत कालव्याचं, पाणी जमिनीखालच्या हौदात साठवतात. त्याला आब-अंबार म्हणतात. हौदाकडे उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी कमानीचं देखणं प्रवेशद्वार असतं. आमच्या आब-अंबाराच्या प्रवेशद्वारात टोकदार कमानीमागे आयताकृती कोनाडा होता आणि त्यावर मुकर्नसचा अर्धघुमट. मुकर्नस म्हणजे एकावर एक पुढे येत जाणारे छोट्या कोनाड्यांचे थर. ते भिंतीपासून सुरू होतात आणि वर जाऊन घुमटाच्या टोकाशी मिळतात. तिमुरी गणिती अल-काशी यानं 1427 साली पूर्ण केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात मुकर्नसचं पृष्ठफळ काढण्याची रीत दिली आहे. तिथं त्यानं मुकर्नसला पायऱ्यांसारखं छत म्हटलं आहे. प्रत्यक्ष पाहिल्यावर हे वर्णन लगेच पटतं.

बहुतेक मुकर्नस भार पेलत नाहीत. भार मागची विटांची कमान घेते आणि जिप्समचं हे कवच तिला टांगलेलं असतं. त्यामुळे पाणी मुरलं की मूळ बांधकाम उभं राहतं आणि मुकर्नस तेवढं कोसळतं. इथं तेच झालं होतं. डाव्या कोपऱ्यातले खालचे दोन थर शाबूत होते, उजवीकडे पहिल्या थराचा एक तुकडा शिल्लक होता. बाकीचं सगळं गेलं होतं. काही तुकडे पोत्यांत भरून ठेवलेले होते.

मागच्या भिंतीवर मात्र कापीव टाइलचं जुनं पॅनेल जवळपास पूर्ण होतं. त्यावर दहा टोकांच्या ताऱ्यांची नक्षी होती.

अडचण

मुकर्नस बांधायचं तर आधी त्याचा तलनक्षा हवा. प्रत्येक थराची कड, प्रत्येक कोनाड्याची बाजू वरून जमिनीवर उतरवली की रेषांचं एक जाळं मिळतं. उस्ताद ते जाळं जमिनीवर पूर्ण मापात काढतो आणि त्यावरून जिप्समचे सपाट पत्रे ओततो. एकेक पत्रा त्या त्या थराच्या उंचीवर बसवतो आणि मधल्या पोकळ्या भरत जातो. नक्षा चुकला तर शेवटचे थर मिळतच नाहीत, आणि ही गोष्ट सगळ्यात शेवटी, घुमटाच्या टोकाशी गेल्यावर कळते.

कोनाडा सुमारे 3.20 मीटर रुंद आणि 1.16 मीटर खोल होता. ही खोलीच आमच्या अडचणीचं मूळ ठरली. जवळच्या एका इमारतीत त्याच काळातलं समजलं जाणारं मुकर्नस शाबूत होतं. त्याचा नक्षा आठच्या हिशोबातला होता: चौरस, 45 अंशांचे समभुज चौकोन आणि त्यांचे अर्धे तुकडे. ही जुनी आणि पक्की पद्धत आहे. वायव्य इराणमधल्या तख्त-ए-सुलेमान इथं इल्खानी, म्हणजे मंगोल राजवटीतल्या, राजवाड्याच्या अवशेषांत जिप्समची एक फरशी सापडली. साधारण अर्धा मीटर बाजूच्या, 1270 च्या दशकातल्या त्या फरशीवर मुकर्नसच्या चतुर्थांशाचा नक्षा कोरलेला आहे आणि त्यातही 45 अंशांच्याच आकारांचं कूळ आहे.

आठच्या हिशोबात कोनाड्याचा मागचा कोपरा 45 अंशांच्या किरणावर यायला हवा. कमानीच्या पायाशी, समोरच्या रेषेच्या मध्यावर अर्धघुमटाचं केंद्र मानलं, तर कोपऱ्यापर्यंत बाजूला 1.60 मीटर जायचं आणि मागेही 1.60 मीटरच जायचं. इथं मागे 1.16 मीटरच जागा होती. चव्वेचाळीस सेंटिमीटर कमी पडत होते.

अभियंत्याचा निष्कर्ष सरळ होता: मागची भिंत नंतर बांधलेली आहे, जुनी भिंत तिच्या मागे दडलेली आहे. टाइलचं पॅनेलही मग नंतरचंच. भिंतीला एक चाचणी-खिडकी पाडून बघू, असा त्याचा प्रस्ताव होता. ती खिडकी पॅनेलच्या मधोमध येणार होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शेजारच्या इमारतीची नक्कल करण्याचा. ती 45 अंशांचीच राहणार आणि या कोनाड्यात बसवायची तर एका दिशेनं दाबावी लागणार. दाबल्यावर समभुज चौकोन समभुज राहत नाहीत, आणि मग एकच साचा सगळीकडे चालत नाही. समितीला हा पर्याय आवडला होता कारण त्याचं चित्र लगेच दाखवता येत होतं.

दुसरा, शिल्लक भाग पक्का करून बाकी पोकळी साध्या गुळगुळीत गिलाव्यानं झाकायची. माझ्या मते नक्षा सापडला नसता तर हाच एकमेव प्रामाणिक मार्ग होता.

तिसरा पर्याय भिंत उघडून बघण्याचा होता.

चौथा पर्याय उस्तादांनी सुचवला. शिल्लक दोन थरांनाच विचारू, ते म्हणाले. भिंतीला हात लावण्याआधी समभुज चौकोन किती अंशांचा आहे ते बघा.

पहिला निर्णय: कोन मोजायचा कसा

कोनमापक लावून हे काम होत नाही. मुकर्नसचा कोनाडा वक्र असतो आणि त्याच्या कडा झिजलेल्या असतात. शिवाय आपल्याला हवा असतो तो जमिनीवर उतरवलेला कोन. म्हणून आम्ही खाली सपाट फळी ठेवली आणि एका कोनाड्याच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबे सोडले. फळीवर चार खुणा आल्या, म्हणजे तलनक्ष्यातला समभुज चौकोन मिळाला. बाजू 32 सेंटिमीटरच्या आसपास भरली, कुठे चार मिलिमीटर कमी, कुठे जास्त. लघुकर्ण 19.7 ते 20.1 सेंटिमीटर आला.

उस्तादांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी बाजूइतकी त्रिज्या घेऊन फळीवर वर्तुळ काढलं, मग कंपास लघुकर्णाइतका उघडला आणि परिघावर पावलं टाकायला सुरुवात केली. दहाव्या पावलाला कंपास सुरुवातीच्या खुणेवर परत आला.

यामागचं गणित साधं आहे. समभुज चौकोनाच्या टोकाचा कोन आणि वर्तुळाच्या केंद्रातला एका पावलाचा कोन एकच असतो. दहा पावलांत वर्तुळ मिटलं तर कोन 36 अंशांचा, आठ पावलांत मिटलं तर 45 चा. 32 सेंटिमीटर बाजूला 36 अंशांचा लघुकर्ण 19.8 येतो, 45 अंशांचा 24.5. मधला 40 अंशांचा, म्हणजे नऊच्या हिशोबातला, धरला तरी 21.9 येतो. झिजलेल्या कडांमुळे येणारी चूक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत होती. त्यामुळे 36 अंशांबद्दल शंका उरली नाही. एकाच चौकोनावर थांबायचं नाही म्हणून दुसऱ्या थरातल्या आणि उजव्या तुकड्यातल्या चौकोनांवरही हीच चाचणी केली. उत्तर तेच आलं.

आता 1.16 मीटरचा अर्थ लागला. दहाच्या हिशोबात किरण 36 अंशांवर असतात. केंद्रापासून बाजूला 1.60 मीटर गेल्यावर 36 अंशांचा किरण 1.60 गुणिले 0.7265 म्हणजे 1.162 मीटर मागे पोहोचतो. भिंत मुळातच तिथं होती. कोनाड्याचा आयत दहाच्या हिशोबासाठीच आखलेला होता.

टाइलच्या पॅनेलनंही हेच सांगितलं. त्यातल्या नक्षीचा एक आयत 64 सेंटिमीटर रुंद आणि साडेसेहेचाळीस उंच होता. त्याच्या केंद्रात एक तारा आणि चारही कोपऱ्यांवर ताऱ्याचा एकेक चतुर्थांश. अर्ध्या उंचीला अर्ध्या रुंदीनं भागून बघा, पुन्हा तेच गुणोत्तर. असे पाच आयत भिंतीच्या रुंदीत बसवले होते. पॅनेल आणि मुकर्नस एकाच आखणीतून आले होते, एक लहान आणि दुसरं पाचपट मोठं. अभियंत्यानं चाचणी-खिडकीचा प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला.

टाइलच्या पॅनेलवरून शिकलेली रचना

मुकर्नसचा नक्षा काढायच्या आधी ही टाइलची नक्षी नीट उलगडणं फायद्याचं ठरलं, कारण जाळं दोन्हींचं एकच होतं.

या नक्षीच्या मुळाशी एकमेकांना कडेनं चिकटलेले नियमित दशकोन आहेत. चार दशकोनांच्या मध्ये डमरूच्या आकाराची पोकळी उरते. प्रत्येक दशकोनाच्या कडेचा मध्य घ्यायचा आणि तो तिसऱ्या कडेच्या मध्याला जोडायचा. असं दहाही कडांना केलं की 72 अंशांच्या टोकांचा दहा टोकांचा तारा तयार होतो. त्याच रेषा कडेपलीकडे सरळ वाढवल्या की डमरूच्या आतली नक्षी आपोआप पूर्ण होते. तिसऱ्याऐवजी चौथ्या कडेच्या मध्याला जोडलं तर टोक 36 अंशांचं, अणकुचीदार होतं. दशकोनांचं जाळं तेच राहतं आणि नक्षी पूर्ण वेगळी दिसते.

तयार कामात दशकोन आणि डमरू कुठेच दिसत नाहीत. ती आखणी कारागीर पुसून टाकतो किंवा गिलाव्याखाली झाकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्र्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांना फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात गिलाव्यावर अशा बहुभुजांचे पुसट ओरखडे दिसले होते. त्यावरूनच त्यांनी ही पद्धत मांडली. आम्हीही शिल्लक थरांवर दिवा बाजूनं, अगदी तिरका धरून पाहिलं. दुसऱ्या थराच्या वरच्या पट्टीवर कंपासच्या टोकाचं एक बारीक छिद्र आणि कंसाचा तुटक ओरखडा मिळाला. छिद्र 36 अंशांच्या किरणावर होतं.

जमिनीवरची आखणी

कोनाड्याखाली जमीन सपाट करून जिप्समचा पातळ थर दिला. त्यावर समोरची रेषा, तिचा मध्य म्हणजे केंद्र, आणि 160 सेंटिमीटरवर उजवं टोक अशा खुणा केल्या. केंद्रातून लंब काढला. त्या लंबावर मागच्या बाजूला 160 सेंटिमीटरची खूण केली आणि केंद्रापासून तिच्यापर्यंतच्या अंतराचा मध्य घेतला, म्हणजे 80 वर. त्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून उजव्या टोकापर्यंत उघडला आणि कंस फिरवून लंबाला पुढच्या बाजूला छेदलं. केंद्रापासून त्या छेदापर्यंतचं अंतर 98.9 सेंटिमीटर. 160 त्रिज्येच्या वर्तुळात दशकोनाची बाजू हीच. ही लांबी कंपासमध्ये घेऊन अर्धवर्तुळावर पाच पावलं टाकली की 36, 72, 108, 144 आणि 180 अंशांचे किरण मिळतात.

इथं एक गोष्ट मला फार आवडली. 98.9 ही नुसती पावलाची लांबी नाही. मधल्या ताऱ्याचं टोक केंद्रापासून जिथपर्यंत पोहोचतं तेही 98.9 वरच. कोपऱ्यात जो चतुर्थांश तारा बसतो त्याचं टोकही कोपऱ्यापासून तितकंच येतं आणि दोन्ही टोकं कर्णाच्या बरोबर मध्यावर एकमेकांना भिडतात. शिवाय 160 मधून 98.9 वजा केले की 61.1 उरतात, आणि ताऱ्याच्या आतल्या दुसऱ्या कड्याची त्रिज्या तेवढीच आहे. म्हणजे कंपासची उघडझाप दोन-तीन मापांतच चालते आणि पट्टीवर एकही आकडा वाचावा लागत नाही.

समभुज चौकोनाची बाजूही याच आखणीतून मिळते. किरणावर 61.1 ची खूण करा. केंद्र आणि ती खूण यांच्या मध्यावर लंब उभारा. तो 18 अंशांच्या किरणाला छेदतो तिथपर्यंतचं केंद्रापासूनचं अंतर 32.1 सेंटिमीटर. ओळंब्यानं मोजलेल्या शिल्लक चौकोनांची बाजूही तेवढीच होती. त्या क्षणी सगळ्यांनाच हायसं वाटलं. आखणी कोनाड्याच्या रुंदीवरून केली होती, चौकोनाच्या बाजूवरून नाही, आणि तरी दोन्ही जुळलं.

पहिल्या प्रयत्नात पाचवं पाऊल डाव्या टोकाच्या सात मिलिमीटर अलीकडे पडलं. आखणी दोरी आणि खिळ्यानं केली होती. दोरी ताणली जाते आणि खिळ्याचं भोक जिप्सममध्ये मोठं होत जातं. दोरीऐवजी लाकडी पट्टीला दोन टोकदार खिळे ठोकून कंपास केला, केंद्रात धातूची चकती बसवली आणि पावलं दोन्ही टोकांकडून आत टाकली. मग चूक दोन मिलिमीटरवर आली आणि ती मधल्या अक्षाजवळ विरून गेली.

दुसरा निर्णय: अक्षावर टोक की खाच

या आखणीत मधल्या अक्षावर, म्हणजे पाहणाऱ्याच्या बरोबर समोर, ताऱ्याचं टोक येत नाही. टोकं 0, 36, 72, 108 अशी येतात आणि 90 वर दोन टोकांमधली खाच येते. समितीला हे रुचलं नाही. टोक अक्षावर हवं, तेच भारदस्त दिसेल, असा आग्रह होता आणि तारा 18 अंशांनी फिरवून बघायला कुणाची हरकत नव्हती.

फिरवून पाहिलं. कोपऱ्याकडे जाणाऱ्या 36 अंशांच्या किरणावर मग खाच आली. मधला तारा आणि कोपऱ्यातला तारा यांची टोकं एकमेकांना भिडेनात, दोघांमध्ये वेडावाकडा तुकडा उरला. कोपऱ्यातला तारा तर फिरवता येतच नव्हता, कारण तो शाबूत होता. समितीला जमिनीवरची आखणी दाखवल्यावर वाद मिटला. टाइलच्या पॅनेलमध्येही उभ्या अक्षावर खाचच आहे, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

तिसरा निर्णय: कोणती रेषा किती उंचीवर

मुकर्नसचा नक्षा सपाट असतो. त्यातली एखादी रेषा थराची आडवी कड आहे की एकाच थरातल्या दोन कोनाड्यांमधला उभा सांधा, हे नक्षा सांगत नाही. एकाच नक्ष्यावरून दोन वेगळे घुमट उभे राहू शकतात. तख्त-ए-सुलेमानच्या त्या फरशीच्याही एकाहून अधिक पुनर्रचना याच कारणानं झाल्या आहेत.

मधल्या ताऱ्यात केंद्रापासून बाहेर जाताना 32, 61, 84 आणि 99 सेंटिमीटरवर बिंदूंची कडी येतात. अभियंत्यानं प्रत्येक कड्याला एक थर दिला. संगणकावर ते सुंदर दिसत होतं, कारण कडी बाहेरच्या बाजूला एकमेकांजवळ येतात आणि सारख्या उंचीचे थर दिले की घुमटाची वक्ररेषा आपोआप मिळते. पण ती वक्ररेषा या कमानीची नव्हती.

मुकर्नसची पुढची कड कमानीला टेकलेली असते. म्हणून प्रत्येक थराची कड समोरच्या रेषेवर जिथं येते, तिथंच वर कमान त्या थराच्या उंचीवर असायला हवी. शिल्लक दोन्ही थर 26 सेंटिमीटर उंच होते आणि कमानीची पायापासून टोकापर्यंतची उंची 182. म्हणजे सात थर. आम्ही कमानीच्या आतल्या कडेवर दर 26 सेंटिमीटरला खूण केली आणि प्रत्येक खुणेतून जमिनीवरच्या नक्ष्यावर ओळंबा सोडला.

अभियंत्याच्या मांडणीत मुकुटाला, म्हणजे मधल्या ताऱ्यावरच्या सगळ्यात वरच्या भागाला, चार थर जात होते, म्हणून 99 चं कडं तिसऱ्या थराच्या माथ्यावर, 78 सेंटिमीटर उंचीवर यायला हवं होतं. तिथला ओळंबा केंद्रापासून 142 सेंटिमीटरवर पडला. ही चूक आखणीतली असूच शकत नव्हती. पाचव्या थराच्या खुणेतून सोडलेला ओळंबा मात्र 99 च्या कड्यापासून सेंटिमीटरभरावर पडला आणि सहाव्या खुणेतला 61 च्या कड्यापाशी. मधली 32 आणि 84 ची कडी समोरच्या रेषेवर येतच नाहीत, ती 18 अंश बाजूला आहेत. म्हणजे ते आडवे काठ नव्हते, थराच्या आतले बिंदू होते. एका थरात दोन कडी सामावलेली होती आणि मुकुट दोनच थरांचा, पसरट होता.

पाठीमागच्या भिंतीच्या मध्यावर याचा परिणाम विचित्र वाटू शकतो. तिथं दशकोनाचा कोपरा केंद्रापासून 104 सेंटिमीटरवर येतो आणि भिंत 116 वर आहे. खालच्या पाच थरांना पुढे यायला फक्त 12 सेंटिमीटर मिळतात, त्यामुळे मुकर्नस तिथं जवळपास सरळ वर चढतं. भिंतीच्या वरच्या भागातले उथळ, चपटे ठसे त्याच्याशी जुळले. आधी त्यांना आम्ही नंतरच्या दुरुस्तीच्या खुणा समजत होतो.

चौथा निर्णय: भिंतीची चूक कुठे टाकायची

जुन्या भिंती काटेकोर नसतात. केंद्रापासून डावीकडे 160 आणि उजवीकडे 158.5 सेंटिमीटर भरले. दीड सेंटिमीटर कुठेतरी गिळायला हवा होता.

संपूर्ण नक्षा आडवा थोडा आक्रसायचा हा सोपा मार्ग होता, पण त्यात प्रत्येक चौकोन थोडा बिघडतो, डावा साचा उजवीकडे चालत नाही आणि ताऱ्याची टोकं असमान होतात. उस्तादांनी तारे जसेच्या तसे ठेवले आणि सगळी चूक उजव्या भिंतीलगतच्या अर्ध्या डमरूत टाकली. तिथल्या तुकड्यांना भिंतीनं मुळातच कापलेलं असतं, त्यामुळे दीड सेंटिमीटर कमी झालेला डोळ्याला कळत नाही. मग पॅनेल पुन्हा मोजलं. पाचांपैकी चार आयत 64 चे होते आणि उजवीकडचा शेवटचा साडेबासष्टचा. मूळ कारागिरानंही चूक त्याच कडेला टाकली होती.

काय बांधलं

नक्ष्यावरच थरांचे जिप्समचे पत्रे ओतले आणि खालून वर बसवत नेले. मुकुटाशी पोहोचल्यावर उरलेली फट सुमारे एक सेंटिमीटर होती. ती सांध्यांच्या रुंदीत वाटून टाकली. नवीन भाग टाइलशिवाय, जुन्याहून किंचित फिकट जिप्सममध्ये ठेवला आणि जुन्या पृष्ठभागापेक्षा थोडा आत घेतला, म्हणजे नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे जवळून कळतं. मागची भिंत आणि पॅनेल यांना धक्का लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

समभुज चौकोनाची चाचणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. त्याला एक फळी, चार ओळंबे आणि कंपास एवढंच लागतं. ती झाली असती तर शेजारच्या इमारतीच्या नक्ष्यावर आधारलेली चित्रं तयारच झाली नसती आणि भिंत उघडायची चर्चाही निघाली नसती. शेजारच्या इमारतीतला हिशोब इथं लागू होईल हे गृहीत धरायला कुणाकडे कारण नव्हतं. एकाच गावात, एकाच उस्तादाच्या हातून आठचे आणि दहाचे दोन्ही नक्षे निघू शकतात.

जमिनीवरची आखणी काम संपल्यावर फोडून टाकली गेली. तिची छायाचित्रं आहेत, पण अर्ध्या नक्ष्याची एक जिप्समची फरशी ओतून इमारतीतच ठेवायला हवी होती. पुढच्या वेळी हे मुकर्नस पडेल तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला केंद्र, किरण आणि कड्यांच्या उंच्या तिथंच वाचायला मिळाल्या असत्या.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. तिसऱ्या थरात, समोरच्या रेषेलगतच्या अर्ध्या डमरूत, दोन रेषा अशा आहेत की त्यांना आडवी कड मानलं तरी नक्षा बसतो आणि उभा सांधा मानलं तरी बसतो. कमानीवरचा ओळंबाही दोन्हींत फरक करत नाही, कारण त्या रेषा समोरच्या रेषेपर्यंत येतच नाहीत. म्हणून तेवढी जागा दोन्ही बाजूंना गुळगुळीत ठेवली. याचं उत्तर पोत्यांतल्या तुकड्यांत असू शकतं. आडव्या कडेवरून निघालेल्या तुकड्याची खालची बाजू सपाट असते, कारण तो पत्र्यावर बसलेला होता. उभ्या सांध्याच्या तुकड्याची बाजू वक्र आणि निमुळती असते. तिसऱ्या थराचे म्हणून वेगळे काढलेले तुकडे या दृष्टीनं अजून कुणी तपासलेले नाहीत, आणि तपासणी होईपर्यंत त्या जागेवर कोनाडे कोरू नयेत अशी लेखी नोंद कामाच्या दप्तरात ठेवली आहे.